घाटकोपरला उतरता आलं नाही

परवा मला घाटकोपरला उतरायचं होतं, आणि उतरता आलं नाही.

काम काही मोठं नव्हतं. चष्म्याची दांडी मोडली होती. मी जुन्या वळणाची, दांडी मोडली तर दांडी बदलते, चष्मा नाही. तशी दांडी बसवून देणारा एक माणूस घाटकोपरला स्टेशनबाहेर अजून टिकून आहे. मुलुंडला मी एकटीच राहते, त्यामुळे मोडकी दांडीसुद्धा मला बाहेर पडायला पुरते. विक्रोळी गेल्यावर उठले, पदर खोचला, पिशवी पोटाशी धरली आणि शहाण्या माणसासारखी दाराकडे सरकले. गाडी थांबते आहे न आहे तोच बाहेरच्या पोरी आत आल्या. पहिलीच्या पाठीवरची बॅग माझ्या खांद्याला लागली, मी अर्धी फिरले आणि मागे जाऊन पत्र्याच्या भिंतीला टेकले. तोल सावरायला हात वर केला तर बोटं जाळीत अडकली.

बायकांच्या आणि पुरुषांच्या भागामध्ये जो पत्रा असतो, त्याच्या वरच्या अंगाला ही जाळी असते. बोटं नाकाशी नेली. गंजाचा आणि जुन्या रंगाचा तोच वास. डबे बदलले, पंखे बदलले, तिसऱ्या वर्गाचा दुसरा वर्ग झाला, पण जाळीचा वास कोणी बदललेला नाही. त्या वासामागून मला यंत्राच्या तेलाचा वास आला. तो डब्यात नव्हता, हे मला कळत होतं. तरी आला.

बाबांच्या अंगाला तो वास असायचा. विक्रोळीच्या एका कारखान्यात ते फिटर होते. सकाळी पाळी सुटल्यावर कारबॉलिक साबणाने कोपरापर्यंत हात घासून निघत, पण तेल नखांच्या कडेला राहायचंच. आई गेली त्या वर्षी त्यांनी कायमची रात्रपाळी मागून घेतली. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घाटकोपरला आमची चाळीतली एकच खोली. रात्री त्या खोलीत मी एकटी झोपायची आणि दिवसा ते एकटे झोपायचे. संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन भात टाकला की ते उठत, तोंड धूत, जेवत आणि डबा घेऊन निघत. तेवढ्यात आमचं बोलणं व्हायचं, नाही असं नाही. "मीठ बरोबर आहे?" "आहे." "पाणी आलं होतं?" "आलं होतं." आईची चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी असायची आणि आम्ही दोघं तिच्याकडे न बघता जेवायचो. घरात बोलायला वेळ होता, तोंड नव्हतं.

सकाळी मात्र आमची एक भेट होती, आणि ती मला फार हवीशी वाटायची. पाळी सुटल्यावर बाबा विक्रोळीला जी गाडी पकडत, तीच गाडी घाटकोपरला आली की मी पकडायची. ते उतरणार, मी चढणार. बायकांच्या डब्याला लागून पुरुषांचा जो दरवाजा येई, तिथे ते मुद्दाम उभे राहत. उतरले की दोन पावलांवर मी. "डबो घेतलंस?" ते विचारत. मी मान हलवायची. "नीट जा गो बाय." एवढंच. पण त्या दोन वाक्यांत ते माझ्या तोंडाकडे बघत. घरात बघत नसत.

आता या भेटीचं सगळं गणित एका गोष्टीवर होतं. उतरणाऱ्यांना उतरू दिलं तर ती होणार. आणि उतरणाऱ्यांना कोण उतरू देतं?

मी नोकरीला लागले तेव्हा मलाही राग यायचा. आमच्या शेजारच्या खोलीतली मंदा माझ्याबरोबर असायची. तिचं ऑफिस मशीद बंदरला, माझं त्याच्या जरा अलीकडे, भायखळ्याला. मंदा माझ्याएवढीच, पण मुंबईत जन्मलेली आणि तोंडाने तिखट. पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हटलं, "आधी त्यांना उतरू दिलं तर आपणच लवकर चढू ना गं?"

"हो, झकास. तू सांग सगळ्यांना," मंदा म्हणाली. "मी तोवर चढते."

मी खरंच एक दिवस थांबले. दाराच्या बाजूला सरकून, शाळेत शिकवलं होतं तशी उभी राहिले. दोन बायका उतरल्या, मग एक म्हातारी, मग क्षणभर कोणीच नाही. आत कोणाची तरी टोपली अडकली होती, म्हणून तेवढा खंड पडला. पण बाहेरून कसं कळावं? उतरणाऱ्या संपल्या, की अजून मागे आहेत? माझ्या मागच्या बाईने तो रिकामा क्षण पाहिला आणि ती शिरली. ती शिरली म्हणजे उतरणं संपलं असं तिच्या मागचीला वाटलं. माझ्या दोन्ही अंगांनी बायका अशा गेल्या, जसं पाणी दगडाला वळसा घालून जातं. दाराच्या मधोमध जो उभा दांडा असतो, तो खरं तर एका बाजूने उतरा, दुसऱ्या बाजूने चढा एवढ्यासाठी किती सोयीचा आहे. पण त्या क्षणी तो फक्त धरायला उरला. उतरायच्या राहिलेल्या बायका आतून "अगं उतरू द्या, उतरू द्या" करत होत्या, चढणाऱ्या "पुढे सरका" करत होत्या, दारात कोणीच हलत नव्हतं, आणि गाडी सुटली. दार बंद व्हायची भानगडच नव्हती, गाडी कोणालाही विचारत नव्हती. मी फलाटावर राहिले. मागची गाडी आली ती आणखी भरून, आणि तिच्यासाठी माझ्यासारख्या राहिलेल्या आणि नव्याने आलेल्या अशा दोन्ही होत्या. ऑफिसात लेट मार्क लागला. दुसऱ्या दिवशी मी थांबले नाही.

पुढे कळत गेलं की थांबलेली प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी ढकलणारी होते. राहून जाण्याची आठवण तिच्या पोटात असते. गाडी किती थांबेल हे कोणालाच माहीत नसतं, कधी भरपूर थांबते, कधी टेकते आणि निघते, म्हणून प्रत्येक गाडी टेकून निघणारीच आहे असं धरून चालायचं. आत लवकर शिरली तर तिघींच्या बाकावर कडेची चौथी सीट तरी मिळते, निदान पंख्याखाली उभं राहता येतं. शेवटी शिरली तर दारात लोंबकळायचं, आणि पुढच्या स्टेशनाला उतरणाऱ्यांच्या आणि चढणाऱ्यांच्या मधे भरडायचं. उतरणाऱ्यांनाही हे ठाऊक, म्हणून त्या एक स्टेशन आधीच उठून दाराशी येतात, आणि दारात अशी गच्च भिंत होते की जिला उतरायचं नाही तिलाही हलता येत नाही. वाईट कोणीच नसतं. आत गेल्यावर याच बायका एकमेकींच्या पोरांना मांडीवर घेत, मेथीची जुडी अर्धी शेजारणीपुढे ठेवून निवडायला लावत, डोक्यातली अबोली काढून देत. दारातलं ते अर्धं मिनिट तेवढं त्या कोणाच्याच नसायच्या.

बाबा पडले सभ्य. विक्रोळीहून चढलेला माणूस एकाच स्टेशनापुरता आत असतो, त्याने दार सोडूच नये. पण ते मुलुंड-भांडुपहून आलेल्यांना "तुम्ही उतरा आधी" म्हणून वाट देत. मग मधेच खंड पडे, आणि बाहेरचे आत घुसत. कधी ते धडपडत उतरायचे, चप्पल हातात, आणि तोवर मी डब्यात चढलेली असायची. खिडकीतून त्यांचा हात दिसायचा. कधी तोही नाही. मग सबंध दिवस मला चुटपूट लागून राहायची. टाइपरायटरवर बोटं चालायची आणि मनात यायचं, आज "नीट जा" राहिलं.

असाच एक दिवस, हिवाळ्यातला. मिठागरांवरचं धुकं पार फलाटापर्यंत आलं होतं, आणि ओहोटीचा चिखलाचा वास. गाडी आली. बाबा दारात दिसले, मग दिसेनासे झाले. मंदाने माझा दंड धरून मला आत ओढलं. गाडी हलली. मी पत्र्याशी दाबली गेले होते, डोळ्यांत पाणी आलेलं, तेवढ्यात कानाशी आवाज आला.

"काय गो, तुका जागा गावली?"

जाळीच्या पलीकडे बाबा होते. टोपी तिरकी झालेली, कोणाचं तरी कोपर मानेत.

"बाबा, तुम्ही उतरला नाहीत?"

"माका उतराक मिळाला नाय," ते म्हणाले. "गर्दीन परत आत ढकलल्यान."

आणि ते हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. विद्याविहारला उतरायचं तर दारापर्यंत पोचायला हवं, ते शक्यच नव्हतं. कुर्ल्याला मात्र निम्मा डबा रिकामा होतो, तो लोंढाच माणसाला बाहेर नेतो. म्हणजे कुर्ल्यापर्यंत आम्ही दोघं समोरासमोर. मधे जाळी, तिची चौकट त्यांच्या कपाळावर उमटलेली. काय बोललो ते आठवत नाही. बोललो एवढं आठवतं. कुर्ला आलं, ते लोंढ्याबरोबर वाहत गेले, आणि पुलावर चढताना मागे वळून त्यांनी टोपी सरळ केली.

त्यानंतर बाबांना घाटकोपरला उतरता न येण्याचे दिवस वाढत गेले. आधी आठवड्यातून एखादा, मग दोन-तीन. मी चढले की थेट पत्र्याशी जायची. "गर्दी," ते जाळीतून म्हणायचे, सवयीने. मी म्हणायची, "मेली गर्दी." मंदा माझ्या पाठीशी उभी राहून बायकांना थोपवून धरायची आणि दुसरीकडे बघायची.

जाळीच्या भोकातून शेंगदाणा जायचा, शेंग जायची नाही. बाबा कारखान्याच्या फाटकावर भाजक्या शेंगा घेत, खिशातच फोडत, आणि एकेक दाणा जाळीतून पुढे करत. मी पलीकडून तोंडात टाकायची. त्याला तेलाची बारीकशी चव असायची. करवंदांच्या दिवसांत त्यांनी करवंद घालून पाहिलं, ते अडकलं आणि त्याचा चीक जाळीला लागून राहिला. पुढे कितीतरी दिवस त्या डब्याची गाडी आली की मी तो काळा डाग शोधायची. पावसात खिडक्या लावलेल्या असायच्या. आत ओल्या केसांचा, खोबरेल तेलाचा, ओल्या छत्र्यांचा वास कोंडलेला, आणि जाळीतून पलीकडचा विड्यांचा आणि रबरी रेनकोटचा. त्या कोंडलेपणात बाबा बोलायचे.

ते आईबद्दल बोलायचे. घरात तिचं नाव निघत नसे, आणि इथे, आजूबाजूला शंभर कान असताना, ते सहज बोलत. मुंबईत आल्यावर तिला पहिल्यांदा गाडीत कसं बसवलं, ते सांगत.

"तुजी आवस कधी ढकलूक शिकली नाय," ते म्हणाले. "माका म्हणायची, उतरांदेत सगळे, मग जाव. सगळे उतरायचे, सगळे चढायचे, आणि आमी दोगां फलाटावर. मग ती बाकड्यावर बसायची आणि हसायची. म्हणायची, घाई काय आसा, दुसरी गाडी येतली."

"आणि तुम्ही चिडायचात?"

"तेव्हा चिडायचंय. आता वाटता, बसाक होया होता तिच्यावांगडा बाकड्यार."

मग कुर्ला आलं आणि ते गेले. त्या दिवशी मला उमगलं की आमचं घर चाळीत नव्हतंच. ते घाटकोपर ते कुर्ला एवढंच होतं.

एकदा मीच त्यांना विचारलं, माणसं अशी का ढकलतात? दुधाच्या केंद्रावर तर गुपचूप रांगेत उभी राहतात. आमच्या चाळीतले लोक पहाटे रांगेत बाटली ठेवून परत झोपायलासुद्धा जात. कोणी ती बाटली हलवत नसे.

"थय मागे रवलं तरी नंबर रवता," बाबा म्हणाले. "बाटली तुजो नंबर सांभाळता. हय मागे रवलं की नंबरच गेलो. तुजी बाटली कोण सांभाळतलो?" जाळीपलीकडे कोणीतरी हसलं. बाबाही हसले आणि म्हणाले, "आणि मागच्याक दारच दिसत नाय गो. तेका इतक्याच कळता, गाडी थांबली आणि पुढचो काय हलत नाय."

एकदा त्यांना कुर्ल्याच्या पुलावर तिकीट तपासनिसाने धरलं. पास विक्रोळी ते घाटकोपर, आणि माणूस कुर्ल्याला. बाबांनी ते स्वतःच जाळीतून रंगवून सांगितलं. उतरायला मिळालं नाही असं म्हटल्यावर तो तपासनीस म्हणे पास परत देत म्हणाला, "काका, तुम्हाला मी परवा पण सोडलं होतं. उतरता येत नाही, का उतरायचं नाही?" मग त्यानेच त्यांना परतीच्या गाडीच्या फलाटाकडे वळवून दिलं. मी पोट धरून हसले. त्याच्या प्रश्नाचं उत्तर काय दिलंत, ते विचारायचं मला सुचलं नाही.

ते उत्तर मला घाटकोपरच्या पुलावरून मिळालं. पावसाळा संपत आला होता. त्या दिवशी डबा घरी विसरला म्हणून मी अर्ध्या वाटेतून मागे फिरले, आणि पुलावर पोचले तेव्हा गाडी फलाटात शिरत होती. मंदा खाली आमच्या नेहमीच्या जागी उभी. जिन्याने वर येणाऱ्यांचा लोंढा सुरू झाला आणि मला खाली उतरता येईना. कठड्याला धरून मी तिथेच उभी राहिले. बरोबर खाली पुरुषांचा तो दरवाजा.

वरून सगळं वेगळंच दिसलं. दाराला अगदी लागून जी माणसं होती, ती कडेला सरून उभी होती, रस्ता सोडून. ती ढकलत नव्हतीच. ढकलत होती ती मागून तिसरी-चौथी रांग, माना उंच करून, काही न दिसून. पुढच्यांची पाठ तेवढी पुढे सरकत होती, आणि पायांना मात्र जायचं नव्हतं. आतून माणसं उतरत होती, एक, मग एक, मग खंड. त्या खंडात बाबा दारात उभे होते. एक हात मधल्या दांड्याला. समोर वाट मोकळी होती. कडेच्या एका माणसाने हाताने खूणसुद्धा केली, उतरा म्हणून.

बाबांनी बायकांच्या डब्याकडे पाहिलं. बाहेर आमची जागा रिकामी झाली होती, मंदा चढली होती. मीही चढले असणार असं त्यांना वाटलं. ते दांडा सोडून बाजूला झाले, खांदा तिरका केला, घरी आलेल्याला दारात वाट देतात तसा, आणि बाहेरच्यांना आत घेतलं. पहिला शिरला, मग दुसरा, मग सगळे. त्यांच्याबरोबर तेही आत दिसेनासे झाले. गाडी सुटली. मी पुलावर, डबा हातात. माझे वडील मला भेटायला कुर्ल्याला निघाले होते आणि मी गाडीत नव्हते.

ओरडले असते तरी ऐकू गेलं नसतं. मी जिन्यात बसून रडले. लोक पायांजवळून जात होते. पुढच्या गाडीने मी ऑफिसला गेले. येताना मंदा भेटली.

"तुझे बाबा जाळीतून विचारत होते, ती खय आसा म्हणून," ती म्हणाली. "मी म्हटलं, राहिली मागे. दाणे सोलून हातात धरले होते, ते कुर्ल्यापर्यंत तसेच."

त्या संध्याकाळी भात वाढताना बाबा म्हणाले, "आज दिसलंस नाय."

"डबा विसरले होते. गाडी चुकली."

"माका पण आज उतराक मिळाला नाय," ते ताटाकडे बघत म्हणाले. "गर्दी."

मला सगळं ठाऊक होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी ते बोलून दाखवलं असतं, तर उद्यापासून त्यांना उतरावं लागलं असतं.

"हो," मी म्हटलं, "हल्ली गर्दी फारच वाढली आहे."

त्यांनी मान वर केली. आईच्या चटईसमोर, त्या खोलीत, पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग आणखी भात मागितला.

पुढे माझं लग्न झालं आणि मी अंधेरीला गेले. गाड्या वेगळ्या, फलाट वेगळे. तिकडेही लोक तसेच चढतात, पण त्या जाळीपलीकडे माझं कोणी नव्हतं. माहेरी गेले की बाबा खोलीत असत, बोलत, नातवाला खेळवत. सगळं रीतसर. एकदा जिन्यात मंदा भेटली. तिचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे ती अजून त्याच गाडीने जात असे. इकडचं तिकडचं झाल्यावर ती आवाज खाली आणून म्हणाली, "तुझे बाबा अजून कुर्ल्यापर्यंत येतात."

मी हातातली पिशवी पायरीवर ठेवली.

"रोज नाही. कधीकधी. जाळीशी उभे असतात. पहिल्यांदा मी म्हटलं, काका, उतरला नाहीत? तर म्हणाले, गर्दी." मंदाने नखाने जिन्याच्या कठड्याचा रंग खरवडला. "मग मीच बोलते दोन शब्द. यार, कोणीतरी बोलायला नको?"

मंदाचे ते उपकार मी फेडू शकले नाही. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली, बाबा तर तिच्याही आधी गेले. अंधेरीचं घर सुटलं, मुलुंडचं आलं. माणसं एकेक करून उतरली आणि मी बसून राहिले. एकटेपणाची मला तक्रार करायची नाही, पण संध्याकाळी दिवा लावल्यावर "मीठ बरोबर आहे" एवढं सांगायलाही समोर कोणी नसतं, आणि ते लागतं.

तर परवा घाटकोपरला मी जाळीला धरून उभी होते. आता खरं काय झालं ते सांगते. दोघी-तिघी पोरी आत शिरल्या, एवढं खरं. पण चौथी, जाड वेणीची एक मुलगी, दारात पाय ठेवता ठेवता थांबली. तिने मला पाहिलं. एक हात मधल्या दांड्याला धरून तिने दुसरा आडवा केला आणि मागे बघून ओरडली, "ए थांबा रे जरा, आजींना उतरू द्या ना."

आणि त्या थांबल्या. सगळं आयुष्य गाडीत काढलं, पण अशी मोकळी वाट मी कधी पाहिली नव्हती. दारापासून फलाटापर्यंत कोणी नाही. आई असती तर बाकड्यावरून उठून म्हणाली असती, बघा, उतरतात की नाही. मुलगी हात आडवा धरून माझ्याकडे बघत होती. मागून कुरकुर ऐकू येऊ लागली, पायांची चुळबूळ सुरू झाली.

माझी बोटं जाळीत होती. मी खांदा तिरका केला आणि बाजूला झाले.

मुलीने हात काढला, बायका भसकन आत आल्या, गाडी हलली. ती ढकलली जात जात माझ्याशेजारीच येऊन टेकली. घामाने निथळत होती बिचारी. जाळीपलीकडे कोणी दोन तरुण कानात वायरी घालून डोळे मिटून उभे होते.

"आजी, तुम्हाला घाटकोपरला उतरायचं होतं ना?" तिने विचारलं. "मी थांबवलं होतं सगळ्यांना. मग उतरला का नाहीत?"

विद्याविहार मागे गेलं. कुर्ला यायला अजून थोडा वेळ होता.

"नाही गं मिळालं उतरायला," मी म्हटलं. "गर्दी फार होती."